दहा दिवसांनी म्हणजे कधी?

‘कीटकनाशकाच्या दोन फवारण्यांमध्ये शिफारशीनुसार अंतर ठेवावे व काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधीचे काटेकोरपणे पालन करावे.’

हे वाक्य कापूस उत्पादकांसाठी छापलेल्या एका सूचनापत्रातलं आहे. पत्र दोन पानांचं होतं. दोन्ही बाजूंनी भरगच्च मजकूर आणि वर कापसाच्या बोंडाचं चित्र. जे दोन-चार वर्ग शिकले किंवा शाळेत गेलेच नाहीत, त्यांनाही कळेल अशा मराठीत ते पुन्हा लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यासाठी मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात तीन वेळा जाऊन आले. जाताना मूळ पत्र घेऊन जायचं, लोकांना वाचायला द्यायचं किंवा वाचून दाखवायचं, आणि ‘यातून काय समजलं?’ असं न विचारता ‘आता उद्या वावरात काय करणार?’ असं विचारायचं, ही पद्धत ठरलेली होती. समजलं का असं विचारलं की माणसं हो म्हणतात. काय करणार असं विचारलं की खरं कळतं.

तर वरच्या वाक्यावर पहिलं उत्तर मिळालं ते असं : “दोन फवारणारे असले तर एकमेकापासून दूर चालाचं.”

हे उत्तर देणारा माणूस बावळट नव्हता. गावात त्याच्याइतकी फवारणी दुसऱ्या कुणी केली नसेल. ‘अंतर’ हा शब्द त्याच्या रोजच्या कामात दोन तासांमधल्या, दोन झाडांमधल्या जागेसाठी येतो. कापूस लावताना अंतर मोजतात, तूर किती तासांनंतर टाकायची तेही अंतरच. दिवसांसाठी तो हा शब्द वापरतच नाही. त्यामुळे दोन फवारण्यांमधलं अंतर म्हणजे दोन माणसांमधली जागा, हा अर्थ त्याने सरळ लावला. आणि तो सल्ला म्हणून वाईटही नाही.

‘प्रतीक्षा कालावधी’ हे शब्द तर कुणाच्या ओळखीचेच नव्हते. एका मुलीने, ती दहावीला होती, सांगितलं की प्रतीक्षालय बसस्टँडवर असतं.

यवतमाळच का, हे वाचकांपैकी काहींना आठवत असेल. २०१७च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे फवारणारा पिकावर नव्हे तर पिकाच्या आत उभा राहून, नळी वर करून फवारत होता आणि तुषार त्याच्याच तोंडावर येत होते. बोंडअळी बीटी वाणाला जुमानत नव्हती, म्हणून फवारण्या वाढल्या. दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. हातपंपाच्या जागी चार्जिंगचे पंप आले होते, त्यांचा फवारा जास्त जोराचा. हे सगळं तेव्हा बातम्यांत सविस्तर आलं. त्यानंतर सूचनापत्रं भरपूर छापली गेली. माझ्याकडे आलेलं त्यातल्याच एकाच्या वळणाचं होतं.

आधी औषधाच्या पाकिटावर काय असतं ते सांगते, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आपण इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के हे दाणेदार औषध घेऊ. अळीसाठी ते खूप वापरलं जातं आणि कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं. त्याच्या आतल्या माहितीपत्रकात पिकांचा तक्ता असतो. कोणत्या पिकाला हेक्टरी किती ग्रॅम, किती पाण्यात, आणि शेवटच्या रकान्यात दिवस. कापसासमोर १० लिहिलेलं असतं. तुरीसमोर १४. भेंडीसमोर ५. मिरचीसमोर ३. हे आकडे कंपनी मनाने टाकत नाही. देशातल्या कीटकनाशकांच्या नोंदणी समितीने प्रत्येक पिकासाठी मान्य केलेले असतात.

हे दिवस म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी किंवा वेचणी यांच्यामध्ये कमीत कमी किती दिवस गेले पाहिजेत, ते. तेवढ्या दिवसांत ऊन, पाऊस आणि झाडाची स्वतःची वाढ यामुळे औषधाचा अंश खाण्यायोग्य मर्यादेच्या खाली येतो. औषध तेच असलं तरी भेंडीला पाच आणि तुरीला चौदा, कारण दर पिकाची मात्रा वेगळी, आपण खातो तो भाग वेगळा आणि त्यावर अंश टिकण्याचं गणित वेगळं.

आता हा तक्ता हातात घेऊन मी गावातल्या आठ-दहा जणांना एकच प्रश्न विचारला. कापसासमोर दहा लिहिलं आहे, म्हणजे काय करायचं?

जवळपास सगळ्यांनी सांगितलं : “दहा दिवसानं परत मारा लागते.”

या उत्तरावर मला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागला. पाकिटावरचा दहा सांगतो की दहा दिवस कापसाला हात लावू नका. वाचणाऱ्याला तो सांगतो की दहा दिवसांनी पुन्हा पंप उचला. एकाच आकड्यातून थांबायची सूचना निघायला हवी होती आणि निघाली फवारायची आज्ञा. त्या हिशोबाने सप्टेंबरपासून दर दहाव्या दिवशी फवारणी होते, अळी असो वा नसो, आणि शेवटच्या फवारणीनंतर दोन दिवसांत बायका वेचणीला आत शिरतात.

लोक असं का वाचतात, यालाही कारण आहे. कृषी केंद्रात औषध देताना तोंडी सांगितलं जातं ते हेच असतं : ‘आठ-दहा दिवसांनी दुसरं घेऊन जा.’ दिवस म्हटलं की पुढची फवारणी, ही सवय कानाला आधीच लागलेली. पाकिटावरचा आकडा त्या सवयीत जाऊन बसतो. शिवाय दोन फवारण्यांमधले दिवस हेही सूचनापत्रात असतातच, बहुतेक वेळा ‘१० ते १५ दिवसांच्या अंतराने’ असे. दोन वेगळ्या गोष्टींसाठी जवळपास तोच आकडा आला की माणूस एकच लक्षात ठेवणार.

म्हणून नव्या मजकुरात मी ‘अंतर’ आणि ‘कालावधी’ हे दोन्ही शब्द काढून टाकले. दिवसांचे तीन वेगवेगळे हिशोब आहेत, तर ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांत लिहिले. पुन्हा कधी फवारायचं? वावरात कधी शिरायचं? कापूस कधी वेचायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिवसांत द्यायचंच नाही, असं सोबतच्या कीटकशास्त्राच्या शिक्षकांनी सुचवलं आणि मला ते पटलं. दहा-पंधरा दिवस ही कमीत कमी मर्यादा आहे, तारीख नव्हे. त्या मर्यादेनंतरही फवारायचं की नाही हे अळी ठरवते. गुलाबी बोंडअळीसाठी हिशोब सोपा आहे. एकरातून वेगवेगळ्या ठिकाणची वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची, आत बघायचं. बाहेरून काही दिसत नाही, कारण अळी आत शिरते ते छिद्र बुजून जातं. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळी निघाली तर फवारणीची वेळ आली. एकही नसेल तर पंप घरी. मूळ पत्रात हे ‘आर्थिक नुकसानीची पातळी १० टक्के’ असं होतं. मी लिहिलं : ‘वीस बोंडं फोडा. दोनमध्ये अळी दिसली तरच फवारा.’ आणि त्याखाली : ‘दहा दिवस झाले म्हणून फवारू नका.’ आणखी एक गोष्ट जोडली की पुढच्या वेळी तेच औषध पुन्हा घेऊ नका, कारण जी अळी त्यातून वाचली तिची पिलं त्याला दाद देत नाहीत. नाव वेगळं असलं तरी आतलं औषध तेच असू शकतं, म्हणून दुकानदाराला जुनं पाकीट दाखवून विचारा.

दुसरा प्रश्न, वावरात कधी शिरायचं. मी जी माहितीपत्रकं वाचली त्यांतल्या बहुतेकांत याचा आकडाच नव्हता. वेचणीचे दिवस आहेत, शिरण्याचे नाहीत. जिथे लिहिलेलं नाही तिथे फवारा पूर्ण सुकेपर्यंत आणि निदान एक दिवस-रात्र कुणी आत जाऊ नये, हा सर्वसाधारण नियम आहे. तो लिहायला सोपा आणि पाळायला सगळ्यात कठीण. त्याच्याकडे मी शेवटी येते.

तिसरा प्रश्न वेचणीचा. इथे अडचण मोजण्याची होती. दहा दिवस कुठून मोजायचे? काही जण फवारणीचा दिवस धरून मोजत होते, काही सोडून. मी बाजाराच्या दिवसावर मोजणी बसवली, कारण गावात आठवडा बाजारानेच मोजतात. मंगळवारी फवारलं, तर मंगळवार सोडून द्या. बुधवार पहिला दिवस. पुढचा मंगळवार सातवा. त्यापुढचा शुक्रवार दहावा. शनिवारी वेचायला जा. ‘एक बाजार आणि वर तीन दिवस,’ असं एका काकूंनी ते लगेच सुटसुटीत करून दिलं आणि मी तसंच घेतलं. तुरीचे चौदा म्हणजे दोन बाजार.

पण वावरात नुसता कापूस कुठे असतो? पऱ्हाटीच्या मधून तुरीचे तास असतात. धुऱ्यावर भेंडीची चार झाडं. रिकाम्या जागेत अंबाडी आणि बरबटी. फवारणारा पऱ्हाटीवर फवारतो, पण वारा ते अंबाडीवरही नेतो. आणि संध्याकाळी निंदणाहून परतताना ओच्यात अंबाडीची भाजी येते, ती त्याच दिवशी शिजते. तक्त्यात अंबाडी नाहीच. जे पीक तक्त्यात नाही त्याला किती दिवस थांबायचं हे पाकीट सांगू शकत नाही, कारण ते औषध त्या पिकासाठी मान्यच नाही. मी पत्रात स्वतंत्र ओळ घातली : ‘फवारलेल्या पऱ्हाटीतली भाजी घरी नेऊ नका. घरच्या भाजीसाठी वेगळी जागा ठेवा, जिथे फवारा उडत नाही.’ मूळ पत्रात भाजीचा शब्दही नव्हता. ते कापसाचं पत्र होतं ना.

मात्रेचा परिच्छेद मूळात एका ओळीचा होता : ‘हेक्टरी २०० ग्रॅम औषध ५०० लिटर पाण्यातून फवारावे.’ हे बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. हेक्टरमध्ये कुणी बोलत नाही, आणि फवारणाऱ्याजवळ पाचशे लिटर पाणी नसतं, पंधरा लिटरचा पंप असतो. हिशोब केला तर पंधरा लिटरला सहा ग्रॅम येतात. सहा ग्रॅम मोजायला वावरात सोनाराचा काटा लागेल. त्यामुळे माणसं टोपणाने टाकतात, आणि टोपण दर औषधाचं वेगळं असतं. शेवटच्या दोन पंपांना ‘थोडं उरलंच आहे’ म्हणून जास्त जातं.

यावर एका कृषी सहायकांनी दाखवलेली पद्धत मी जशीच्या तशी उतरवली. शंभर ग्रॅमचं अख्खं पाकीट बादलीत आठ लिटर पाण्यात काठीने ढवळून विरघळवायचं. त्यातलं अर्धा लिटर प्रत्येक पंपात टाकायचं, बाकी साधं पाणी. आठ लिटरचे बरोबर सोळा पंप होतात आणि प्रत्येकात सव्वासहा ग्रॅम जातात, म्हणजे मान्य मात्रेच्या आत. सोळा पंप सव्वा एकराला पुरतात. जेवढं आज संपेल तेवढंच कालवायचं; वावर अर्धा एकर असेल तर त्या मानाने कमी. अर्धा लिटर मोजायला पाण्याची बाटली चालते, पण तिचा वरचा भाग कापून टाकायचा. अख्खी बाटली धुऱ्यावर पडली की कुणीतरी तहानलेलं ती तोंडाला लावतं. हे वाक्य पत्रात ठेवायला एकाने हरकत घेतली की एवढं काय सांगायचं. मी ठेवलं.

आता ज्या गोष्टीने मला या सगळ्या कामाकडे वेगळं बघायला लावलं, तिच्याबद्दल.

मूळ पत्रातली सगळी क्रियापदं अशी होती : करावे, टाळावे, ठेवावे, घ्यावा. ‘संरक्षक साधनांचा वापर करावा.’ ‘रिकाम्या डब्यांची योग्य विल्हेवाट लावावी.’ ‘त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.’ मराठीत ही सोय मोठी आहे, सल्ला देता येतो आणि तो कुणाला दिला हे सांगावं लागत नाही. पण हेच वाक्य ‘तुम्ही’ घालून लिहायला बसलं की अडतं. तुम्ही कोण?

पत्राच्या वर ‘शेतकरी बंधूंनो’ होतं. फवारणारा मात्र पुष्कळदा शेतकरी नसतो. तो सालदार असतो किंवा रोजाने, नाही तर पंपाच्या हिशोबाने आलेला मजूर. औषध मालकाने विकत आणलेलं. पाकीट मालकाच्या गाडीच्या डिकीत किंवा घरी. हातमोजे घेणार तर मालक, घालणार मजूर. अळी आहे का बघणार मालक, किंवा दुकानदार सांगणार. दवाखान्यात नेणार मालक, खर्च कुणाचा ते तेव्हा ठरणार. एका पत्रातल्या ‘करावे’मध्ये ही दोन माणसं एकत्र कोंबली होती, आणि त्यांतलं प्रत्येक वाचत होतं की हे दुसऱ्यासाठी आहे.

“हे मालकाले द्या ना ताई,” फवारणीचं काम करणारे एक भाऊ मला म्हणाले. “मले मोजे घाला म्हंता. मोजे हायेत कुठी?”

म्हणून नवीन पत्राच्या दोन वेगळ्या चिठ्ठ्या झाल्या. एक ‘वावर ज्याचं आहे त्याच्यासाठी’, दुसरी ‘पंप ज्याच्या पाठीवर आहे त्याच्यासाठी’. छपाईचा खर्च वाढतो म्हणून यावर बरीच चर्चा झाली. मी एकच म्हणत राहिले की एका कागदात बसवायचं असेल तर प्रत्येक वाक्यात कर्ता द्या. तसा प्रयत्न करून पाहिल्यावर सगळ्यांनाच दिसलं की ते वाचणं जास्त अवघड होतंय.

मालकाच्या चिठ्ठीतली साधनांची ओळ अशी झाली : ‘फवारायला माणूस बोलवाल, तर हातमोजे, बूट, चष्मा आणि पाठीला बांधायला प्लास्टिक तुम्ही द्या. पंप गळतो का ते आदल्या दिवशी साधं पाणी भरून बघा.’ पाठीच्या प्लास्टिकचं महत्त्व फवारणाऱ्यांनीच सांगितलं. टाकीच्या झाकणातून पाणी उसळतं, सदरा कमरेपर्यंत भिजतो, आणि तो भिजलेला सदरा दिवसभर अंगावर राहतो. औषध श्वासातून जातं एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं; कातडीतूनही जातं, घाम आलेल्या कातडीतून तर अधिकच, हे फार थोड्यांना माहीत होतं. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याबद्दलही तसंच. कोरडा असेपर्यंत तो थोडेफार तुषार अडवतो. ओला झाला की विषाची घडी नाकातोंडाला बांधून ठेवल्यासारखं होतं. ‘दुपट्टा ओला झाला की काढा, दुसरा बांधा’ असं लिहिलं.

आणि खर्रा. मूळ पत्रात ‘फवारणी करताना खाणे, पिणे व धूम्रपान टाळावे’ असं होतं. मी विचारलं, हे पाळता का? सगळे एकमुखाने हो म्हणाले. बिडी कोणी ओढत नाही, जेवण तर घरी गेल्यावर. आणि हे सांगत असताना दोघांच्या गालात खर्रा होता. खर्रा हे खाणं नाही, पिणं नाही आणि धूम्रपानही नाही. पंप भरताना ज्या बोटांना औषध लागलं त्याच बोटांनी पन्नीतून तो उचलून तोंडात जातो, दिवसातून चार-पाच वेळा. नव्या चिठ्ठीत लिहिलं : ‘खर्ऱ्याची पन्नी घरी ठेवून या.’ हे वाचून ते हसले, आणि एकाने विचारलं, “मंग दिवसभर काय करू?” पुढे बोलताना ठरलं ते असं की सोडता येत नसेल तर निदान हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडापर्यंत जाऊ नये, आणि त्यासाठी मालकाने धुऱ्यावर साबण आणि पाण्याची कॅन ठेवावी. चिठ्ठ्यांत तेही गेलं.

नोझल तुंबली तर तोंडाने फुंकणं ही दुसरी अशीच गोष्ट. ‘तोंडाने फुंकू नये’ हे मूळ पत्रात होतं, पण मग काय करायचं हे नव्हतं. गवताची काडी किंवा जुना दात घासायचा ब्रश, एवढंच लागतं. खिळा किंवा तार घातली की नोझलचं भोक मोठं होतं आणि मग औषध जास्त पडतं. हे मला फवारणाऱ्यांनी शिकवलं.

वाऱ्याचं वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा बदललं. ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये.’ विरुद्ध कशाच्या? तोंड वाऱ्याकडे की पाठ? वाचणारे दोन्ही अर्थ लावत होते, आणि शेवटी ‘नये’ आल्यावर आधीचं उलटं करायचं की सरळ, यात घुटमळत होते. शेवटी असं झालं : ‘मूठभर कोरडी माती उडवा. माती ज्या बाजूला जाते, त्या टोकाच्या तासापासून सुरुवात करा. मग वारा येतो त्या बाजूला सरकत या.’ असं केलं की उडालेला फवारा मागे, फवारून झालेल्या तासांवर जातो, माणूस कोऱ्या तासांत राहतो. माती तोंडावर परत आली किंवा लांब उडून गेली तर पंप खाली ठेवायचा.

पाकिटावरच्या रंगाविषयी थोडंसं. चौकोनातला तळाचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मुलं सिग्नलच्या हिशोबाने वाचतात आणि घरच्यांना सांगतात की हिरवा म्हणजे काही होत नाही. हिरवाही विषच, जहालपणा कमी. ‘हिरव्यालाही मोजे लागतात,’ एवढीच ओळ ठेवली.

विषबाधेच्या लक्षणांची ओळ लिहिताना डॉक्टरांशी बोलावं लागलं. फवारणारा माणूस पहिल्यांदा ‘ऊन लागलं’ असंच समजतो. डोकं दुखतं, मळमळतं, घाम सुटतो, तर लिंबूपाणी पिऊन बाभळीखाली पडतो. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाच्या औषधांत मात्र तोंडात लाळ जमते, डोळ्यांतून पाणी येतं, अंधुक दिसतं, पोटात पिळा पडतो, हातापायाचे स्नायू फडफडतात आणि डोळ्याची बाहुली बारीक होते. बाहुली स्वतःला दिसत नाही, म्हणून चिठ्ठीत दुसऱ्याला सांगितलं आहे : ‘त्याच्या डोळ्यात बघा. काळी बाहुली मोहरीएवढी झाली असेल तर ऊन नाही, औषध लागलंय.’ आणि लगेच खाली : ‘बाहुली नेहमीसारखी असली तरी थांबू नका,’ कारण सगळी औषधं हे लक्षण दाखवत नाहीत. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात दूध, तूप, काहीही घालू नका.

दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, कोणतं औषध होतं? काही विषांवर ठरावीक उतारा आहे, वर सांगितलेल्या गटावर ॲट्रोपिन देतात. काहींवर उताराच नाही, फक्त श्वास आणि हृदय सांभाळत राहायचं. नाव कळलं नाही तर डॉक्टर लक्षणांवरून अंदाज बांधतात, आणि तीन औषधं एकत्र कालवलेली असली तर लक्षणंही एकमेकांत मिसळतात. नाव पाकिटावर असतं आणि पाकीट मालकाच्या डिकीत. म्हणून मालकाच्या चिठ्ठीत : ‘आज कालवलेल्या प्रत्येक औषधाचं पाकीट किंवा बाटली आणि आतला कागद एका पिशवीत घालून फवारणी सुरू असेपर्यंत धुऱ्यावरच्या झाडाला अडकवा.’ आणि फवारणाऱ्याच्या चिठ्ठीत : ‘पिशवी दिसत नाही तोवर पंप उचलू नका.’ ही ओळ वाचून एक भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “असं म्हनता येते का मालकाले?” त्यावर गावातल्याच दुसऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिथल्या तिथे उत्तर दिलं की माझ्या वावरात म्हणून बघ, मी लावून देतो पिशवी. त्याने त्या हंगामात लावलीही. बाकीच्यांचं मला माहीत नाही.

राहिला तो दुसरा प्रश्न, वावरात कधी शिरायचं.

चिठ्ठीतली ओळ तयार होती : ‘आज फवारलं तर उद्या त्या वावरात कोणी जाऊ नका.’ ती मी निंदणाला जाणाऱ्या बायकांना वाचून दाखवली. त्यांच्यातल्या एकीच्या मुलीला मागच्या वर्षी ओल्या पऱ्हाटीतून चालून पायांवर चट्टे आले होते, तेव्हा हे त्यांना पटवून द्यायची गरज नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्या काकू, ज्यांनी बाजाराचा हिशोब काढून दिला होता, म्हणाल्या, “उद्या जाऊ नका म्हंता, मंग उद्याची मजुरी कोन देते?”

फवारणी सहसा एका दिवसात होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदण ठेवलेलं असतं, कारण मालकाला दोन्ही कामं पाऊस यायच्या आत उरकायची असतात. ती ओळ बायकांच्या हातात दिली की ती पाळायची किंमत बायकांनी द्यायची असा त्याचा अर्थ होतो. मी ती ओळ त्यांच्यासाठीच्या मजकुरातून काढून मालकाच्या चिठ्ठीत पहिल्या क्रमांकाला टाकली : ‘निंदण आधी करून घ्या, फवारणी नंतर. आज फवारलं असेल तर उद्याचं काम दुसऱ्या वावरात द्या.’ बायकांसाठी उरलं ते एवढंच, की वावराच्या तोंडाशी लाल फडकं बांधलेलं दिसलं तर आत शिरायच्या आधी विचारा, कधी फवारलं.

फडकं कुणी बांधायचं यावर अजून एकमत नाही. मालक म्हणतात फवारणाऱ्याने बांधावं, तो शेवटी बाहेर पडतो. फवारणारे म्हणतात फडकं मालकाने द्यावं. छापायला गेलेल्या मजकुरात दोन्ही चिठ्ठ्यांवर ती ओळ आहे. मालकाच्या चिठ्ठीत ‘द्या’, फवारणाऱ्याच्या चिठ्ठीत ‘बांधा’.